अकरा ते बारामध्ये गाठ पडतच नाही

> "तास काटा आणि मिनिट काटा दिवसातून किती वेळा एकमेकांवर येतात? मी २४ म्हणालो, भाऊ २२ म्हणतो."

भावाचं बरोबर आहे, २२. दर तासाला एक गाठ धरली की २४ येतात, पण तास काटा थांबून राहत नाही, तोही पुढे सरकतो.

एक वाजून पाच मिनिटांनी बघा. मिनिट काटा बरोबर १ वर असतो, पण तास काटा तोवर १ च्या अडीच अंश पुढे गेलेला असतो. मिनिट काटा मिनिटाला ६ अंश चालतो, तास काटा अर्धा अंश. म्हणजे अंतर मिनिटाला साडेपाच अंशांनी कमी होतं आणि ते अडीच अंश भरून काढायला आणखी साधारण २७ सेकंद लागतात. गाठ पडते १:०५:२७ ला.

प्रत्येक वेळी असाच उशीर होतो. दोन गाठींमध्ये ६० नाही, ६५ मिनिटं २७ सेकंद जातात. हा उशीर साठत साठत दहाची गाठ १०:५४:३३ ला पडते आणि पुढची थेट बाराला. अकरा ते बाराच्या मध्ये एकही नाही. म्हणून बारा तासांत ११, दिवसात २२. मात्र मध्यरात्रीचे बारा एकदाच मोजायचे, दोन्ही टोकं धरली तर २३ होतील.

भिंतीवरचं घड्याळ उतरवून मागची चावी हळूहळू फिरवा. अकरा वाजल्यापासून मिनिट काटा तास काट्याच्या मागेच राहतो, थेट बारापर्यंत. बाराला काटे नेमके जुळले नाहीत, तर एखादा काटा तिरका बसवलाय असं समजा.