सिकलसेलचा प्रश्न: उत्तर १/२ की २/३?

बारावी_ब: परवा टेस्ट आहे. क्लासच्या सराव-संचात आनुवंशिकतेचे दोन प्रश्न आहेत. उत्तरं छापलीत, पण चुकीचे पर्याय का चुकतात ते नाही.
प्रश्न १: आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक (AS). त्यांची मुलगी निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? अ) १/४ ब) १/२ क) २/३ ड) ३/४. छापील उत्तर क.
प्रश्न २: AS व्यक्तीच्या हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दोन पट्टे दिसतात. हे कशाचं उदाहरण? अ) पूर्ण प्रभाविता ब) अपूर्ण प्रभाविता क) सहप्रभाविता ड) लिंगसंलग्नता. छापील उत्तर क.
पहिल्यात माझं १/२ येतं. दुसऱ्यात 'अ' वाटतं, कारण हा आजार अप्रभावी आहे असंच शिकलोय.

गणितप्रेमी: पहिल्याचं उत्तर ब. छापताना चूक झाली असणार. चौकट मांडली की चारपैकी दोन खाने AS. प्रत्येक जन्म स्वतंत्र असतो, आधी काय घडलं याचा पुढच्यावर परिणाम होत नाही. पेपरात १/२ लिही.

सायली_नीट: मला तर ३/४ बरोबर वाटतं. चारातला एकच खाना SS, बाकी तिघे निरोगी.

प्रॅक्टिकल_सर: सायली, तू वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंस. मूल निरोगी होण्याची शक्यता ३/४ हे खरं, पण इथे मुलगी निरोगी आहे हे आधीच सांगितलंय. आता ती वाहक आहे का, एवढंच विचारलंय. संच काढणाऱ्याने 'ड' मुद्दाम ठेवलाय, घाईत वाचणारा तिथेच जातो. 'अ' तसाच. १/४ ही SS मूल होण्याची शक्यता, आणि AA होण्याचीही तेवढीच. आकडा ओळखीचा म्हणून हात तिकडे वळतो.

गणितप्रेमी, तुमची चौकट बरोबर आहे, पण तुम्ही ती पूर्ण वापरताय. अशा जोडप्यांची मिळून ४० मुलं धरा. साधारण १० AA, २० AS, १० SS. मुलगी निरोगी म्हटल्याबरोबर SS ची १० बाजूला काढा. उरली ३०, त्यात वाहक २०. म्हणजे २/३. मूल जन्माला यायच्या आधी विचारलं असतं तर १/२ हेच उत्तर होतं. मुलीला बघितल्यावर एक खाना पुसला जातो.

गणितप्रेमी: मग स्वतंत्रतेचं काय? तुम्ही तो नियमच मोडताय.

प्रॅक्टिकल_सर: नाही मोडत. स्वतंत्रता दोन भावंडांमधली. पहिली दोन मुलं SS असली तरी तिसऱ्याची शक्यता १/४ च राहते. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. इथे दुसरं भावंडच नाही, त्याच मुलीबद्दल एक गोष्ट कळली आहे.

कुरखेड्याची: मधेच बोलते, माफ करा. आमच्या घरी आई-बाबा दोघे AS. माझा भाऊ SS, लहानपणापासून सांधे धरून रडायचा, रक्त चढवायला न्यावं लागायचं. त्याच्यावेळी आजी म्हणाली होती, चारातलं एक असतं म्हणे, ते होऊन गेलं, आता बाकीची सुटली. त्या भरवशावर माझी तपासणी कुणी केलीच नाही. आता माझं लग्न ठरतंय आणि मुलाच्या कार्डावर AS आहे. मला काही त्रास नाही. हे २/३ माझ्याबद्दल आहे का?

प्रॅक्टिकल_सर: ताई, हो. भाऊ SS असल्याने तुमची शक्यता कमी होत नाही आणि वाढतही नाही. तपासणी होईपर्यंत २/३. हा मुलगा AS असेल तर तुमच्या प्रत्येक बाळाला SS होण्याची शक्यता २/३ गुणिले १/४, म्हणजे १/६. पण तुम्ही या १/६ वर थांबू नका. तपासणीत AA निघालात तर ती शून्य होते, AS निघालात तर १/४.

लॅबमधून: ताई, तपासणी सांगताना 'एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस' असं स्पष्ट सांगा. शिबिरात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि मागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण ती AS ला पॉझिटिव्ह येते आणि SS लाही. त्यातून नुसतं S आहे एवढं कळतं.

आणि सर, याच कारणाने मला प्रश्न १ चा शब्द खटकतो. 'निरोगी' म्हणजे काय? लक्षणं नाहीत, की तपासणी निगेटिव्ह? तपासणी करून निगेटिव्ह आली असेल तर मुलगी AA, म्हणजे वाहक असण्याची शक्यता जवळजवळ शून्य, आणि तो पर्यायच दिलेला नाही. प्रश्न सदोष आहे असं माझं मत.

प्रॅक्टिकल_सर: पेपरात 'निरोगी' म्हणजे आजार नसलेली, हा संकेत पक्का आहे. मी प्रश्न बदलणार नाही.

लॅबमधून: मी बदलीन. 'आजाराची लक्षणं नाहीत, तपासणी झालेली नाही' एवढं लिहिलं की वाद उरत नाही. आमच्याकडे येणारी माणसं 'निरोगी' हा शब्द ऐकूनच परत जातात.

बारावी_ब: पहिला कळला. दुसऱ्यात 'अ' का नाही?

लॅबमधून: जेलवर बघितलंस तर लगेच कळेल. AA चा एक पट्टा एका जागी, SS चा एक पट्टा दुसऱ्या जागी. AS च्या ओळीत दोन्ही जागी पट्टे. पूर्ण प्रभाविता असती तर फक्त A चा दिसला असता. अपूर्ण म्हणावं तर मधल्या जागी तिसराच पट्टा हवा, तो नसतो. लिंगसंलग्नही नाही, हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे, मुलगा-मुलगी फरक नाही.

गणितप्रेमी: पण पुस्तकात अप्रभावी लिहिलंय. तेही बरोबर, हेही बरोबर, असं कसं?

प्रॅक्टिकल_सर: कारण तुम्ही काय बघताय ते बदललं. आजार होतो का, असं विचारलं तर AS ला सहसा होत नाही, म्हणून अप्रभावी. रक्तात कोणतं हिमोग्लोबिन आहे, असं विचारलं तर दोन्ही, म्हणून सहप्रभावी. ऑक्सिजन खूप कमी केल्यावर पेशी किती वाकतात हे पाहिलं तर AS दोघांच्या मधे येतो. जोडी तीच, तिन्ही उत्तरं वेगळी. प्रश्नात 'इलेक्ट्रोफोरेसिस' हा शब्द आहे, उत्तर त्यालाच धरून द्यायचं.

गणितप्रेमी: पहिल्या प्रश्नात २/३ मान्य. खाना पुसायचा हे डोक्यात आलं नव्हतं. पण सहप्रभावी म्हणजे दोघे बरोबरीने ना? मग दोन्ही पट्टे सारखे जाड असायला हवेत.

लॅबमधून: नसतात. AS च्या रिपोर्टात S बहुतेक ३५ ते ४० टक्के येतं, A त्याहून जास्त. अल्फा साखळी A च्या बीटा साखळीशी जास्त सहज जुळते म्हणून. दोन्ही दिसतात एवढ्यावर सहप्रभावी म्हणतात, पण माझ्या मते हा शब्द इथे थोडा ढिला बसतो.

प्रॅक्टिकल_सर: मला नाही वाटत ढिला. प्रमाण असमान असलं तरी एकाने दुसऱ्याला झाकलेलं नाही.

कुरखेड्याची: सोमवारी जिल्हा रुग्णालयात जातेय. एचपीएलसी असं कागदावर लिहून घेतलंय. भावी नवऱ्याला सोबत न्यावं का?

लॅबमधून: न्या. त्यांचं कार्ड नुसत्या सोल्युबिलिटीवरून दिलेलं असेल तर त्यांचीही परत करून घ्या.