सेलेनाइट प्रत्येक स्टूलला लावायचा का?

तालुका_लॅब: आमची लॅब छोटी आहे. स्टूल कल्चर आलं की थेट मॅकॉन्की आणि एक्सएलडी प्लेटवर लावते. साल्मोनेला वाढवायचा सेलेनाइट ब्रॉथ केला की रिपोर्ट एक दिवस लांबतो. माझ्या मते तो बंद करावा. तुमचं मत?

जुना_टेक्निशियन: बंद काय करता? सगळ्यांना लावा आणि चांगला ४८ तास ठेवा. जितका वेळ, तितका साल्मोनेला वाढतो.

सूक्ष्मदर्शी: लावा हे ठीक, पण ४८ तास नको. सेलेनाइट ई. कोलायला कायमचा मारत नाही, साधारण पहिले ८ ते १२ तास दाबून ठेवतो. नंतर तो पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून १२ ते १८ तासांत प्लेटवर घ्या. प्रोटियस आणि स्यूडोमोनास तर मुळातच नीट दबत नाहीत.

थेट प्लेट का चुकते, ते हिशोबाने बघा. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाच्या १ ग्रॅम स्टूलमध्ये समजा साल्मोनेला १०० आणि ई. कोलाय १० कोटी. म्हणजे १० लाखांमागे एक. प्लेटवर सुट्या कॉलनी येतात दोन-तीनशे, त्यात तो दिसणार कसा? तोच ग्रॅम १० मिली ब्रॉथमध्ये टाकला आणि साल्मोनेला तासाला दुप्पट झाला, तर १२ तासांत १०० चे चार लाख होतात. ई. कोलाय तेवढाच राहिला तरी प्रमाण अडीचशेस एकावर येतं. त्यावर एक्सएलडीची गाळणी आहेच.

रक्त_आव: आमच्याकडे आवेचे पेशंट जास्त. शिगेला सेलेनाइटमध्ये भरवशाने वाढत नाही, काही वेळा तोच दबतो. नुसत्या ब्रॉथवर विसंबलात तर फसाल.

सूक्ष्मदर्शी: मान्य. म्हणून थेट प्लेट सोडायचीच नाही, ब्रॉथ तिच्या जोडीला. कॉलऱ्याचा संशय असेल तर तिसरंच, अल्कलाइन पेप्टोन वॉटर.

मेसवाला: माझ्या आचाऱ्याच्या रिपोर्टवर ‘एनरिचमेंटनंतर साल्मोनेला’ असं आलंय. म्हणजे त्याच्या पोटात जंतू खूप वाढलेत का?

सूक्ष्मदर्शी: उलट, बहुधा कमी असतील. वाढले ते ब्रॉथमध्ये. त्यावरून मूळ संख्या कळत नाही. पण जुलाब नसले तरी तो जंतू पसरवू शकतो. स्वयंपाकापासून दूर ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तालुका_लॅब: ताज्या जुलाबात जंतू भरपूर असतात, तिथे थेट प्लेट पुरते ना? शिवाय आमचा ब्रॉथ दरवेळी विटकरी होतो.

सूक्ष्मदर्शी: ताज्या जुलाबात बहुतेक वेळा पुरते, हो. अँटिबायोटिक घेतलेले, बरे होत आलेले आणि स्वयंपाकी यांना मात्र ब्रॉथ हवाच. आणि तो ऑटोक्लेव्ह करता की काय? जास्त तापला की सेलेनियम लाल होऊन खाली बसतं. उकळत्या पाण्यात १० मिनिटं पुरे. विटकरी झालेला फेकून द्या, हातमोजे घालून, विषारी असतो.

तालुका_लॅब: ऑटोक्लेव्हच करतो आम्ही. ते बदलते. पण फॉर्मवर नुसतं ‘स्टूल कल्चर’ असतं. पेशंट ताजा की बरा होत आलेला, हे मी कसं ओळखू?

जुना_टेक्निशियन: म्हणूनच म्हटलं, सगळ्यांना लावा.