१० रिप्लायवरून विजेता ठरवायचा का?

> "६० हॉटेलांना ए मेल, ६० ना बी. रिप्लाय ३ आणि ७. बी फायनल करू?"

एवढ्यात नको रे. दोन्ही मेल अगदी सारखेच चालत असते तरी १० रिप्लाय ७-३ किंवा त्याहून एकतर्फी पडायची शक्यता ३४ टक्के आहे, नाणं १० वेळा उडवलं तर जे होतं तेच हे. ८-२ लाही ११ टक्के निघतात, ९-१ आलं तर मात्र २ टक्के, तिथं मी मानेन.

त्याआधी वाटणी कशी केली ते बघ. लिस्टमधली वरची ६० कळंगुट-बागाची आणि खालची ६० पणजी-मडगावची असली तर तू मेल नाही, एरिया तपासलास. सारखी हॉटेलं शेजारी लाव, म्हणजे १५ रूमवालं १५ वाल्यासोबत, आणि प्रत्येक जोडीत ए कोणाला ते नाणं उडवून ठरव. एकाच मालकाची दोन हॉटेलं असली तर दोघांना एकच मेल, नाहीतर तो दोन्ही वाचून हसत बसेल. दोन्ही मेल एकाच सकाळी, एकाच आयडीवरून जाऊ देत, डिसेंबरच्या गर्दीत तर पाठवूच नको.

मोजायची तारीख आधीच लिहून ठेव, फॉलोअपनंतर १० दिवस वगैरे, ऑटो-रिप्लाय धरू नको. रोज डोकावून बी पुढे दिसला की थांबायचं, असं केलंस तर वरचे टक्के खोटे पडतात.

आणि सब्जेक्टमधला एखादा शब्द बदलून एवढ्या आकड्यात काही दिसणार नाही, मागणीच बदल. एकात मीटिंग माग, दुसऱ्यात नुसतं "रेटकार्ड पाठवू का?"