प्रतिसाद: बेरजेत फुगलेली विक्री

> "कारखाना आणि दोन दुकानं, तिघांची बजेटं बेरीज केली तर विक्री फुगते. आतली विक्री वजा केली की झालं ना?"

नाही, निम्मंच झालं. आमच्याकडेही मिठाईचाच धंदा आहे, म्हणून तसाच हिशोब मांडतो.

समजा, कारखाना महिन्याला १० लाखांचा माल दुकानांना देतो आणि त्याला तो ८ लाखांत पडतो. दुकानं गिऱ्हाइकांना १४ लाखांची विक्री करतात. बेरीज २४ लाख दिसते, खरी विक्री १४च. म्हणून कारखान्याच्या विक्रीतून १० काढा आणि दुकानांच्या खरेदीतूनही १०च काढा. इथवर नफ्याला धक्का लागत नाही.

खरी मेख शिल्लक मालात असते. त्या १० लाखांतला १ लाखाचा माल महिनाअखेरीस दुकानात पडून राहणार असेल, तर त्यात कारखान्याचा २० हजार नफा दडलेला आहे. तो अजून कमावलेलाच नाही! शिल्लक साठा ८० हजारांवर आणा. कारखान्याचे २ लाख आणि दुकानांचे १४ वजा विकलेल्या मालाचे ९ म्हणजे ५ लाख, असा एकत्रित ढोबळ नफा ७ लाखांवरून ६.८० होईल. माल पुढच्या महिन्यात विकला गेला की ते २० हजार तिथे परत जमा करायचे. हे हमखास विसरतं.

वजाबाकीआधी दोन्ही बाजू जुळवा. आमच्याकडे एकदा कारखान्याने १० धरले होते, दुकानांनी ९.४०. फरक निघाला ३१ तारखेला रात्री निघालेल्या टेम्पोचा. दुकानांनी तो पुढच्या महिन्यात धरला होता. अशा वेळी तारखेचा नियम एकच ठरवा, फरक 'इतर खर्चा'त ढकलू नका.