ओझोनचं भोक आणि तापमानवाढ: एसीवरच्या ‘ओझोनस्नेही’ शिक्क्याचा अर्थ काय?

मीनल_ठाणे: ओझोनच्या थराला भोक पडलंय, तिथून ऊन जास्त आत येतं आणि म्हणून पृथ्वी तापतेय, असं मी मुलीला सांगितलं. ती म्हणते चूक आहे. कोण बरोबर? आणि एसीवर ‘ओझोनस्नेही’ लिहिलंय, म्हणजे त्याच्या गॅसने तापमान वाढत नाही ना?

वातावरण_अभ्यासक: मुलगी बरोबर आहे. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होईल. तो अडवतो ते मुख्यतः अतिनील किरण, आणि उन्हाच्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा लहान आहे. थर विरळ झाला की त्वचेला, डोळ्यांना, पिकांना इजा होते. उन्हाची धग मात्र फारशी वाढत नाही. शिवाय ते ‘भोक’ अंटार्क्टिकावर साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात पडतं, तेव्हा तिथे सूर्य नुकताच उगवू लागलेला असतो. तापमानवाढीत गडबड परतीच्या वाटेवर आहे: तापलेली जमीन जी उष्णता वर सोडते, ती कार्बन डायऑक्साइड अडवून धरतो.

गणिताचे_सर: याचा पुरावा सोपा आहे. जमीन तापली आणि ओझोनचा थर जिथे असतो ते वरचं स्थितांबर थंड झालं. म्हणजे दोष ओझोनचा नाही, सिद्ध झालं.

वातावरण_अभ्यासक: सर, निरीक्षण खरं आहे, पण निष्कर्ष तिथून निघत नाही. ओझोन स्वतः ऊन शोषून स्थितांबर तापवतो. तो घटला तरीही तो थर थंडच होतो, आणि खालच्या स्थितांबरातल्या थंडाव्यात ओझोनच्या घटीचा वाटा मोठा होता. पक्का पुरावा वेगळा आहे. पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता उपग्रहांनी १९७० आणि १९९७ साली मोजली. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन ज्या तरंगलांबींना शोषतात, नेमकी तिथेच बाहेर जाणारी उष्णता कमी झालेली दिसते. ऊन जास्त आत आल्याने अशी खूण उमटली नसती.

दक्षिणेचा_वारा: पण दोन्ही गोष्टी अगदीच वेगळ्या, असंही म्हणू नका. ओझोन घटल्यामुळे दक्षिण गोलार्धातला पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकला आणि तिथल्या पावसावर परिणाम झाला. शिवाय जुन्या फ्रिजमधला आर-१२ गॅस ओझोन तर खायचाच, आणि तो जबरदस्त हरितगृह वायूही आहे.

वातावरण_अभ्यासक: मान्य. गोंधळ होतो तो इथेच, कारण वायू एक आणि कामं दोन. त्यातलं क्लोरीन ओझोन खातं, आणि अख्खा रेणू उष्णता अडवतो. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्लोरीनवाले गॅस मागे पडत गेले. त्यांच्या जागी आलेल्या आर-४१०ए आणि आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, म्हणून एसीवर ‘ओझोनस्नेही’ लिहितात. शिक्का खरा आहे, पण तो पहिल्याच कामाबद्दल बोलतो.

मीनलताई, एसीच्या बाहेरच्या युनिटवरची पाटी बघा. समजा ‘आर-३२, ०.८ किलो’ लिहिलंय. शंभर वर्षांच्या हिशोबात आर-३२ उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट धरतात. ०.८ गुणिले ६७५ म्हणजे ५४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तो सगळा गॅस हवेत सुटला तर सुमारे २३५ लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं, आणि ओझोनला धक्काही लागला नाही.

नाशिककर_७७: माझा जुना एसी आर-२२ चा आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, गॅस ‘संपतो’. खरं का?

एसी_दुरुस्ती_प्रशिक्षक: एसीत गॅस संपत नाही, बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. बहुतेकदा नळी जोडलेल्या फ्लेअर नटपाशी. तिथे साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की जागा सापडली. तेलाचा डाग असला तरी शंका घ्या. गळती बंद करून, व्हॅक्यूम काढून, मग पाटीवरचं वजन काट्यावर मोजून गॅस भरायचा. दुरुस्तीआधी उरलेला गॅस हवेत सोडू देऊ नका, रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढायला सांगा. आर-२२ चं तर दुहेरी नुकसान आहे: थोडं क्लोरीनही, आणि सुमारे १,८०० पट उष्णताही. आणि त्या जुन्या एसीत आर-३२ भरू नका. दाब जास्त, तेल वेगळं, शिवाय तो गॅस पेट घेऊ शकतो.

दक्षिणेचा_वारा: मग सरळ आर-२९० घ्यावा. तो प्रोपेनच आहे, ओझोनला शून्य धोका आणि तापमानवाढीतला वाटा नगण्य.

एसी_दुरुस्ती_प्रशिक्षक: गॅस उत्तम आहे, पण आर-३२ पेक्षा कितीतरी सहज पेटतो. लहान बंद खोलीत किती ग्रॅम चालेल यावर मर्यादा आहेत, आणि गळती शोधायला पेटती काडी धरणारे लोक मी अजूनही बघतो. त्यांना शिकवल्याशिवाय घरोघरी तो द्यावा, हे मला पटत नाही.

दक्षिणेचा_वारा: प्रशिक्षणाची वाट बघताना आर-३२ ची आणखी लाखो यंत्रं बसतील. माँट्रियल करारात २०१६ साली झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार अशा गॅसच्या वापरातली भारताची कपात २०३२ पासून सुरू होणार. तोवर बसलेल्या यंत्रांतला गॅस त्यानंतरही गळतच राहील.