मदत हवी आहे: जेवताना बघायला मुलाखती, पण खऱ्या गप्पांच्या

भुसावळकर: दुपारपाळी करून घरी यायला रात्रीचे साडेदहा होतात. ताट पुढ्यात येईपर्यंत डोळे मिटायला लागतात. मालिका लावली की दुसऱ्या दिवशी कोण कुणाचा भाऊ तेच आठवत नाही, म्हणून मुलाखती लावायला लागलो. मध्येच झोप लागली तरी नुकसान नाही. पण बऱ्याच ठिकाणी पाहुणा येतो, सिनेमाची तारीख सांगतो, खेळ खेळतो आणि जातो. अर्ध्या तासात माणूस कळेल असं काही आहे का? मराठी किंवा हिंदी.

रावेरचा केळीवाला: डीटीएचचा कुठला पॅक घेतलाय? आमना घर बी हाईच कटकट शे, पाऊस आला की चित्र गायब.

भुसावळकर: भो, मी मोबाईलवरच बघतो. प्रश्न कार्यक्रमाचा आहे.

चाळीसगावचा राजू: मग दोन-तीन तासांचे पॉडकास्ट बघा. जेवढी लांब मुलाखत तेवढी खोल.

अमळनेरची ताई: राजूभाऊ, लांबीला वेळ मिळतो हे खरं, पण त्यातले दीड तास नुसते हसण्यात गेलेलेही मी पाहिलेत.

दादा, तुम्ही 'गुफ्तगू' बघा. राज्यसभा टीव्हीवर सय्यद मोहम्मद इरफान घ्यायचे. २०२१ मध्ये ती वाहिनी संसद टीव्हीत विलीन झाली, पण जुने भाग यूट्यूबवर सापडतात. नाटकवाले, चरित्र अभिनेते, गायक असे पाहुणे. इरफान हळू बोलतात, प्रश्न छोटा ठेवतात आणि समोरचा थांबला तरी घाईने दुसरा प्रश्न टाकत नाहीत. त्या थांबण्यातूनच पुढची गोष्ट निघते.

बाकी निवडताना मी कार्यक्रमाचं नव्हे, पाहुण्याचं नाव शोधते आणि तारखा बघते. एकाच आठवड्यात त्याच्या पाच मुलाखती दिसल्या तर सिनेमा येतोय समजा, पाचही ठिकाणी तेच किस्से. सिनेमा नसतानाची जुनी एखादी काढा. मग सुरुवात सोडून दहाव्या मिनिटाला जा. पाहुणा म्हणाला, "तेव्हा वडिलांशी बोलणं बंद होतं," आणि पुढचा प्रश्न "किती वर्षं?" असा आला, तर घेणारा ऐकतोय. "आता तुमच्या पुरस्कारांकडे वळू या," आलं की बंद करा.

चाळीसगावचा राजू: आणि 'माझा कट्टा'?

अमळनेरची ताई: पाहुणे सगळ्या क्षेत्रांतले असतात, ती मोठी जमेची बाजू. पण विचारणारे चार-पाच जण, त्यामुळे एकाने धरलेला धागा दुसऱ्याच्या प्रश्नाने सुटतो. मला चालतो, पण भाजी निवडताना.

भुसावळकर: काल 'गुफ्तगू' लावलं. भाकरी संपली तरी ताटावरून उठलो नाही, हात वाळला. बायको म्हणे, "हा माणूस इतका हळू बोलतो, मला तर झोपच लागली." आता दोघांना चालेल असं मराठीत कुणी सुचवेल का? शेतकरी, शिक्षक असे पाहुणे असले तर बरं, नट पुरे झाले.

रावेरचा केळीवाला: शेतकरी पाहिजे तर मीच येतो, पण भाव पडल्यावर बोलवू नका.