घरच्या नॅसवरच्या फाइल बाहेरून बघायच्यात, क्लाउडवर न चढवता (मदत हवी आहे)

फोटोवाला_सिडको
मंडळी, नाशिकला घरी दोन डिस्कचं नॅस आहे, लग्नाचे सगळे शूट त्यावरच. पुण्यात कामाला गेलो की जुन्या फाइल लागतात आणि क्लायंटचे फोटो कुठल्याच क्लाउडवर टाकायचे नाहीयेत. राउटरला पोर्ट फॉरवर्ड केलं, डीडीएनएस लावलं, घरात उघडतं पण मोबाइल डेटावर नुसतं फिरत बसतं आणि टाइमआउट. काय राहिलंय?

गंगापूररोडकर
दोन टीबीची पोर्टेबल डिस्क बॅगेत टाका की, कशाला एवढा खटाटोप

फोटोवाला_सिडको
अहो कुठलं शूट मागतील ते आधी कळलं असतं तर नेलंच असतं ना

पंचवटी_७७
स्टॅटिक आयपी घ्या आणि नॅस डीएमझेडमध्ये टाका. माझं तीन वर्षं असंच मस्त चालू आहे.

वायरवाली
डीएमझेड नको हो दादा! नॅसचं लॉगिन पान सगळ्या जगाला उघडं पडतं. २०२२ साली डेडबोल्टने अशीच इंटरनेटवर उघडी असलेली नॅस गाठून फाइल लॉक केल्या होत्या. स्टॅटिक आयपीचं मात्र बरोबर आहे, पण आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा काय दिसतोय.

फोटोवाला_सिडको
`100.72.` ने सुरू होतोय. गूगलवर माझा आयपी बघितला तर वेगळाच येतो

वायरवाली
मग तुमची चूक नाही, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. `100.64` ते `100.127` हा पट्टा कंपनी आतल्या आत वापरते आणि एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांना वाटून देते, त्यामुळे बाहेरची रिक्वेस्ट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, फॉरवर्ड कितीही करा.
नॅसवर आणि लॅपटॉपवर टेलस्केल टाका, दोन्हीकडे एकच अकाउंट. दोन्ही टोकं आतून बाहेर जोडतात म्हणून पोर्ट उघडावं लागत नाही, केलेलं फॉरवर्डिंग काढून टाका. नॅसला तिथेही `100.` चाच पत्ता मिळेल, तो वॅनवाला समजू नका. मग लॅपटॉपवर हे चालवा:

```
tailscale status
```

नॅसच्या ओळीत `direct` आलं तर सरळ जोडलंय, `relay` आलं तर मधल्या सर्व्हरवरून, म्हणजे हळू. फाइल तिथे साठत नाही आणि एन्क्रिप्टेडच जाते, तेवढी काळजी नको.

फोटोवाला_सिडको
झालं ताई!! हॉटस्पॉटवर `relay` येतंय, दुकानाच्या वायफायवर `direct`. पण २० जीबीचं फोल्डर `direct` वर पण तासाच्या वर गेलं

वायरवाली
घरच्या लाइनचा अपलोड किती? ४० एमबीपीएस असेल तर सेकंदाला ५ एमबी, म्हणजे २० जीबीला सव्वा तासाच्या आसपास लागणारच. आधी छोट्या जेपीजी बघून निवडा, मग तेवढ्याच रॉ ओढा.

पंचवटी_७७
माझा वॅन आयपी बाहेरच्यासारखाच येतो, म्हणूनच चालत असणार. डीएमझेड काढलं तर टीव्हीवरचे पिक्चर बंद पडतील का?

वायरवाली
टीव्ही घरातलाच ना? मग काही फरक नाही, आजच काढा.

फोटोवाला_सिडको
आता क्लायंटला अल्बमची लिंक कशी द्यायची? नवरीच्या मामांना टेलस्केल टाकायला सांगू शकत नाही 😅 कोणी केलंय का असं?